साक्षीसाठी समन्स आले आहे : साहेबांना कधी, कसे आणि किती सांगावे?

राजारामपुरीकर

नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. २०२२ साली दाभोळकर कॉर्नरजवळ माझ्यासमोर एक अपघात झाला होता. जखमी गृहस्थांना रिक्षात घालून मी दवाखान्यात नेले होते आणि नंतर पोलिसांनी माझा जबाब घेतला होता. त्या प्रकरणात साक्षीसाठी हजर राहण्याचे समन्स या ६ तारखेला घरी आले. मी कामावर होते, त्यामुळे ते सासूबाईंनी सही करून घेतले. तारीख याच महिन्याची २४ आहे आणि न्यायालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील आहे.

अडचण अशी की २३ आणि २४ या दोन्ही दिवशी आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीचे ऑडिट आहे आणि तपासणीच्या नोंदी माझ्याकडे असतात. आमच्याकडे रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. साहेब कडक आहेत, पण अन्यायी नाहीत. समन्सवर सगळ्यात वर ‘सरकार विरुद्ध’ असे लिहून आरोपीचे नाव आहे, खाली भारतीय दंड विधानाची कलमे २७९, ३३७ आणि ३३८ आहेत आणि माझे नाव शेवटी आहे. हा कागद पाहून माझ्यावरच गुन्हा दाखल आहे असा समज होईल, याची मला खरोखर धास्ती वाटते. साहेबांना आत्ताच सांगावे की ऑडिटची तयारी झाल्यावर? समन्सची प्रत द्यावी का? आणि अर्ध्या दिवसाची रजा पुरेल का?

उद्यमनगर

ताई, निर्धास्त राहा. न्यायालयाचे समन्स असेल तर कंपनीला रजा नाकारता येत नाही आणि त्या दिवसाचा पगारही कापता येत नाही, असा कायदाच आहे. अर्ज आदल्या दिवशी दिला तरी चालतो.

मनुष्यबळ_गोकुळ शिरगाव

उद्यमनगर यांच्या म्हणण्यातील पहिला भाग व्यवहारात बरोबर आहे, दुसरा मात्र नाही. मी सोळा वर्षे कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करत आहे. समन्स हा न्यायालयाचा आदेश असल्यामुळे साक्षीदाराला अडवणे कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाला परवडत नाही. पण खासगी नोकरीत ‘न्यायालयीन रजा’ नावाची वेगळी पगारी रजा कायद्याने सरसकट दिलेली नाही. ज्या कंपनीच्या स्वतःच्या नियमांत किंवा युनियनबरोबरच्या करारात ती आहे, तिथे ती मिळते. इतरत्र हा दिवस नैमित्तिक रजेत किंवा अर्जित रजेत धरला जातो आणि शिल्लक नसेल तर बिनपगारी होतो. म्हणून ताईंनी आधी आपली रजेची शिल्लक पाहावी आणि नेमणूकपत्राबरोबर मिळालेले रजेचे नियम वाचावेत.

पंधरा दिवसांबद्दल सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात भरपगारी वार्षिक रजेसाठी पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करण्याची अट होती आणि बहुतेक कारखान्यांच्या नियमांत ती तशीच उतरलेली आहे. समन्स ६ ला मिळाले आणि तारीख २४ आहे, म्हणजे ९ तारखेच्या आत अर्ज गेला तर तुम्ही नियमातही बसता. समन्स हातात असूनही तुम्ही दहा दिवस गप्प बसलात, तर साहेबांचा राग न्यायालयावर निघणार नाही, तो तुमच्या गप्प बसण्यावर निघेल, आणि तेव्हा त्यांची बाजू चुकीची म्हणता येणार नाही. ऑडिट आहे म्हणून उशिरा सांगू नका. ऑडिट आहे म्हणूनच आज सांगा.

कागलचा शेतकरी

आमचा वाटपाचा दावा अकरा वर्षे चालू आहे. इतक्या वर्षांत मी मोजून सहा वेळा न्यायालयात गेलो असेन. प्रत्येक तारखेला वकील हजर राहतात आणि संध्याकाळी फोन करून पुढची तारीख सांगतात. ताईंनीही एखादा वकील देऊन टाकावा म्हणजे रजेचा प्रश्नच उरणार नाही.

निवृत्त शिरस्तेदार

पाटील, तुमचे आणि ताईंचे प्रकरण वेगळे आहे. दिवाणी दाव्यात तुम्ही पक्षकार आहात आणि तुमच्या वतीने वकील उभे राहू शकतात. ताई साक्षीदार आहेत. डोळ्यांनी जे पाहिले ते सांगायला दुसरा माणूस पाठवता येत नाही. ताईंना वकील लावण्याची गरजही नाही, कारण हा खटला सरकारतर्फे चालतो आणि त्यांची साक्ष सहायक सरकारी वकील नोंदवून घेतील.

ताई, आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. मी जिल्ह्यातील निरनिराळ्या न्यायालयांत तीस वर्षे नोकरी केली आहे. सासूबाईंनी समन्स घेतले ते योग्यच झाले. तुम्ही घरी नसताना कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे ते देता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती व्यक्ती पुरुष असावी लागत असे, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती अट राहिलेली नाही. तेव्हा ‘मला समन्स मिळालेच नाही’ असे आता म्हणता येणार नाही.

अर्धा दिवस अजिबात मागू नका. सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आत न्यायालयात पोहोचायचे, बाकाजवळच्या लिपिकाला आणि सरकारी वकिलांना समन्स दाखवून आपण आल्याचे सांगायचे आणि मग पुकाऱ्याची वाट पाहायची. पुकारा साडेअकराला होईल की चारला, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. सरतपास जेवणाच्या सुट्टीपूर्वी झाला आणि उलटतपास दुपारनंतर ठेवला, असेही पुष्कळदा होते. ‘बारापर्यंत येते’ असे साहेबांना सांगून तुम्ही चारला फोन केलात, तर पूर्ण दिवस मागण्यापेक्षा ते अधिक वाईट दिसते.

पंचगंगा

मला प्रतीच्या प्रश्नावर बोलायचे आहे, कारण माझा अनुभव कटू आहे. चार वर्षांपूर्वी मलाही साक्षीचे समन्स आले होते आणि मी भाबडेपणाने त्याचा फोटो विभागाच्या गटावर टाकून ‘या दिवशी मी नाही’ असे लिहिले. दोन तासांत कॅन्टीनपर्यंत बातमी पोहोचली की माझ्यावर पोलीस केस आहे. कागद कोणी नीट वाचलाच नव्हता, सगळ्यांनी वरच्या ओळीत ‘आरोपी’ हा शब्द तेवढा पाहिला होता. एक ज्येष्ठ सहकारी तर मला धीर द्यायला आल्या आणि चांगला वकील सुचवून गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता, तरी त्या दिवशी मी घरी जाऊन रडले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पहिले वाक्य तोंडी असावे, ते समोरासमोर सांगावे आणि त्यातच ‘साक्षीदार’ हा शब्द असावा. ‘साहेब, मला कोर्टाचे समन्स आले आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. ‘२०२२ साली मी एक अपघात पाहिला होता, त्याची साक्ष द्यायला मला २४ तारखेला न्यायालयाने बोलावले आहे’ असे म्हणा. त्यानंतर मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. प्रत देऊ नका.

मनुष्यबळ_गोकुळ शिरगाव

पंचगंगा ताईंनी सांगितलेला वाक्यांचा क्रम मला पूर्ण मान्य आहे. प्रत न देण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. व्यवस्थापक उद्या बदलला किंवा हजेरीपत्रकावर कोणी शंका घेतली, तर फाइलमध्ये कागद असणे कर्मचाऱ्याच्याच हिताचे असते. प्रत मनुष्यबळ विभागात बंद पाकिटात द्यावी आणि विभागातील इतरांना ती दाखवू नये, असे अर्जातच लिहावे.

पंचगंगा

तुमच्या कंपनीत पाकीट बंद राहत असेल, आमच्याकडे राहिले नव्हते. आरोपी आणि जखमी व्यक्ती यांच्याही अब्रूचा प्रश्न असतो. त्यांची नावे आपल्या कंपनीच्या फाइलमध्ये कशासाठी हवीत?

निवृत्त शिरस्तेदार

समन्स हा गोपनीय कागद नाही आणि मालकाला तो दाखवण्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही पंचगंगा ताईंची हरकत मला रास्त वाटते. प्रत द्यायचीच असेल तर खटला क्रमांक, न्यायालयाचे नाव, तारीख, शिक्का आणि तुमचे नाव एवढे दिसेल अशा रीतीने इतर नावांवर पट्टी ठेवून छायाप्रत काढता येते. कंपनीला तेवढे मान्य होईल की नाही, हे ज्या त्या ठिकाणी ठरेल.

शिक्षिका_गडहिंग्लज

मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्याकडे ही बाब पुष्कळ सोपी आहे. आमच्या मुख्याध्यापकांना साक्षीचे समन्स आले, तेव्हा त्यांनी न्यायालयातून हजेरीचा दाखला आणून जोडला आणि तो दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरला गेला. ती साक्ष शाळेच्या दाखल्यासंबंधी होती, म्हणजे कामाचाच भाग होती. खासगी कंपनीतही असा दाखला चालतो का?

मनुष्यबळ_गोकुळ शिरगाव

चालतो, आणि आम्ही तो मागतोच. तो जोडला म्हणून पगार मिळेलच असे नाही, पण ‘अनधिकृत गैरहजेरी’ असा शेरा पडत नाही, आणि हे महत्त्वाचे आहे.

उद्यमनगर

माझी माहिती अपुरी होती, हे मान्य करतो. आमच्या मालकांनी मला पगार दिला होता म्हणून मी तो कायदाच समजत होतो. एक शंका मात्र अजून आहे. ऑडिट इतके महत्त्वाचे असेल तर साहेबांनी कंपनीच्या पत्रावर ‘तारीख पुढे ढकलावी’ असे लिहून न्यायालयाला पाठवले तर चालणार नाही का? किंवा कंपनीतूनच दूरदृश्य पद्धतीने साक्ष देता येणार नाही का?

निवृत्त शिरस्तेदार

तारीख बदलण्याचा अधिकार कंपनीला नाही आणि साक्षीदारालाही नाही. खरोखरची अडचण असेल तर सरकारी वकिलांना किंवा समन्स बजावणाऱ्या अंमलदाराला आधी भेटून सांगता येते आणि न्यायालयापुढे तसा अर्ज ठेवता येतो. त्यावर आदेश होईपर्यंत मूळ तारीख कायम असते, हे विसरू नये. दूरदृश्य पद्धतीची सोय आहे, पण तीही न्यायालयाच्या परवानगीने मिळते. शिरोलीहून कसबा बावडा हाकेच्या अंतरावर असताना ‘ऑडिट आहे’ हे कारण पुरेसे ठरेल असे मला वाटत नाही.

आणि न जाण्याचा परिणाम काय होतो, तेही साहेबांना ठाऊक असलेले बरे. सबळ कारणाशिवाय साक्षीदार आला नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध जामीनपात्र वॉरंट काढू शकते. शिवाय नव्या संहितेनुसार ५०० रुपयांपर्यंत दंडही करू शकते, जो पूर्वी १०० रुपयांपर्यंत होता. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण वॉरंट घेऊन पोलीस शिरोलीच्या फाटकावर आले तर त्याची चर्चा कितीतरी मोठी होते. ‘रजा मिळाली नाही’ हे कारण न्यायालय सहसा मानत नाही.

पंचगंगा

काका, एक विचारू का? अपघातात मदत करणाऱ्यांना साक्षीची सक्ती नसते, असे मी ऐकले होते.

निवृत्त शिरस्तेदार

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण मिळाले, हे खरे आहे. आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण ताईंनी आपणहून जबाब दिलेला आहे आणि आता न्यायालयाने बोलावलेही आहे. या टप्प्यावर त्या तरतुदीचा आधार घेऊन घरी बसणे मी तरी सुचवणार नाही. त्यांची साक्ष जखमी माणसाच्या उपयोगाची आहे.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. मी घरी बसणार नाही, जायचे तर मनाशी केव्हाच ठरले आहे. पंचगंगा ताईंचा क्रम आणि मनुष्यबळ दादांचा सल्ला एकत्र करून हा अर्ज लिहिला आहे. उद्या ८ तारखेला सकाळी आधी तोंडी सांगेन आणि लगेच अर्ज देईन. काही चुकत असेल तर सांगावे.

‘विषय : न्यायालयात साक्ष देण्यासाठी २४ तारखेस एक दिवसाची रजा मिळणेबाबत.

महोदय, २०२२ साली माझ्यासमोर झालेल्या एका रस्ते अपघाताच्या खटल्यात साक्षीदार म्हणून २४ तारखेस सकाळी कसबा बावडा येथील न्यायालयात हजर राहण्याचे समन्स मला ६ तारखेस मिळाले आहे. या खटल्यात मी पक्षकार नाही. साक्षीची वेळ आधी निश्चित सांगता येत नसल्याने त्या दिवशीची पूर्ण दिवसाची रजा मंजूर करावी, ही विनंती.

त्याच दिवशी ऑडिट असल्याने मागील सहा महिन्यांच्या तपासणी नोंदी आणि मापन उपकरणांचे कॅलिब्रेशन दाखले मी २० तारखेपर्यंत सहकाऱ्यांकडे सोपवीन व २३ तारखेस पूर्ण वेळ हजर राहीन. साक्ष त्या दिवशी पूर्ण झाली नाही, तर पुढील तारीख समजताच त्याच दिवशी कळवीन. न्यायालयातील हजेरीचा दाखला रजेवरून परतताच सादर करीन.’

मनुष्यबळ_गोकुळ शिरगाव

उत्तम अर्ज आहे. दोन किरकोळ सूचना करतो. ‘सहकाऱ्यांकडे’ या शब्दाऐवजी ज्यांच्याकडे काम सोपवणार त्यांचे नाव लिहा, आणि अर्थातच आधी त्यांना विचारा. साहेबांना खरी काळजी ऑडिटरसमोर कोण बसणार याची असते. तिथे नाव दिसले की अर्धी सही झालीच म्हणून समजा. दुसरे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘पुढील तारीख समजताच कळवीन’ हे वाक्य मात्र काढू नका. बहुतेक लोक नेमके तेच लिहीत नाहीत, आणि दुसऱ्यांदा रजा मागायची वेळ आली की साहेबांना वाटते आपल्याला फसवले.

निवृत्त शिरस्तेदार

त्या वाक्याच्या संदर्भात एक गोष्ट सांगतो. साक्षीदार हजर असताना साक्ष पुढे ढकलली गेली, तर पुढची तारीख त्याला न्यायालयातच सांगतात आणि त्याची सही घेतात. त्यानंतर नवे समन्स घरी येईलच असे धरून चालू नये. म्हणजे दुसऱ्या वेळी साहेबांना दाखवायला तुमच्याकडे कागदच नसेल. म्हणून हजेरीचा दाखला मागताना ‘पुढील तारीख अमुक’ असे त्यातच लिहून देण्याची विनंती करा. दाखला आपोआप मिळत नाही. निघण्यापूर्वी लिपिकाकडे मागावा लागतो, आणि न्यायाधीश बाकावरून उठल्यावर तो मिळवणे अवघड जाते. प्रवासभत्त्याची विचारणाही तेव्हाच करा. रक्कम मोठी नसते, पण ती मागणे हा तुमचा हक्क आहे.

कागलचा शेतकरी

शिरस्तेदार साहेब, मी आधी प्रश्न नीट समजून घेतला नव्हता. आमच्या दाव्यात माझे चुलते साक्षीदार आहेत आणि ते साखर कारखान्यात नोकरीला आहेत. दोन वेळा तारीख पुढे गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी आजारपणाची रजा टाकली. आता त्यांना खरे कारण सांगायला संकोच वाटतो. काय करावे?

मनुष्यबळ_गोकुळ शिरगाव

पाटील, त्यांना पुढच्या तारखेपूर्वी खरे सांगायला लावा. ज्या दिवशी आजारी असल्याचे लिहून दिले, त्याच दिवशी न्यायालयाच्या नोंदीत त्यांची हजेरी आहे. हे उघड झाले तर खोट्या रजेचा ठपका त्यांच्यावर येईल. मागच्या दोन रजांचे काय करायचे, हे त्यांच्या कारखान्याच्या नियमांवर अवलंबून आहे, तेव्हा त्याबद्दल मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

राजारामपुरीकर

आज २४ तारीख. आत्ताच घरी आले आहे आणि तुम्हा सर्वांना कळवल्याशिवाय राहवत नाही.

८ तारखेला साहेबांना सांगितले, तेव्हा सगळे ऐकून घेऊनही कागद पाहिल्यावर त्यांनी विचारलेच, ‘म्हणजे तुमच्यावर काही नाही ना?’ मी ‘साक्षीदार’ या शब्दावर बोट ठेवले. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला आणि विषय संपला. त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही केवळ ऑडिटबद्दल बोललो. अर्जावर सहकारी ताईंचे नाव होते आणि त्यांना मी आदल्या संध्याकाळीच विचारले होते, त्यामुळे सही तिथेच झाली. प्रतीच्या बाबतीत इतर नावांवर पट्टी ठेवलेली छायाप्रत मनुष्यबळ विभागाने स्वीकारली. दिवस नैमित्तिक रजेत धरला आहे.

आज सव्वादहाला न्यायालयात पोहोचले. सरकारी वकिलांनी माझा जुना जबाब मला वाचून दाखवला. सव्वातीनला पुकारा झाला आणि आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढील महिन्याची १९ तारीख मिळाली. वाईट वाटले, कारण मनाची तयारी करून गेले होते. पण काकांचे शब्द लक्षात होते. दाखल्यासाठी लिपिकांनी साधा अर्ज लिहून मागितला, त्यात मी पुढील तारीख नमूद करण्याची विनंती केली आणि तसा शिक्क्यासह दाखला मिळाला.

निवृत्त शिरस्तेदार

छान झाले. १८ तारखेच्या संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटला क्रमांक घालून तारीख तीच आहे ना, ते एकदा पाहा. न्यायाधीश रजेवर असतील तर तारीख बदलू शकते. तरी ॲपवर काही वेगळे दिसले म्हणून परस्पर घरी राहू नका, आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात खात्री करा.

पंचगंगा

ताई, १९ तारखेचे साहेबांना कधी सांगणार?

राजारामपुरीकर

सांगितले. न्यायालयाच्या आवारातूनच फोन केला आणि दाखला उद्या सकाळी देते म्हणाले. त्यांनी आधी ऑडिट कसे झाले ते सांगितले आणि मग १९ तारीख स्वतःच्या डायरीत लिहून घेतली. या वेळची रजा नैमित्तिक धरायची की अर्जित, हे मनुष्यबळ विभाग उद्या सांगणार आहे, कारण माझी एकच नैमित्तिक रजा शिल्लक आहे.